साप्ताहिक प्रॉडक्शन मिटींग कायमची लावायची आहे : निमंत्रणात नेमकं काय लिहायचं?

ताणाबाणा
नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचं युनिट आहे. विणकाम, डाइंग, शिलाई आणि पॅकिंग सगळं एकाच आवारात. दर शनिवारी कंटेनर भरून न्हावा शेवाला जातो. दर आठवड्याला ऑर्डरींचा आढावा घ्यायची मिटींग १ जुलै २०२६ पासून पक्की करायची आहे. माणसं नऊ : प्लँट मॅनेजर, उत्पादनाचं नियोजन बघणारी पीपीसी, विणकाम, डाइंग, शिलाई, पॅकिंग-डिस्पॅच आणि स्टोअर इथले, शिवाय पुण्याच्या ऑफिसातले बायरशी बोलणारे दोन मर्चंडायझर, ते ऑनलाइन येणार.

कॅलेंडरच्या निमंत्रणात टाकायला मजकूर केलाय तो असा :

"दर आठवड्याला एकदा प्रॉडक्शन मिटींग होईल. वेळ कळवण्यात येईल. सर्वांनी वेळेवर हजर राहावे."

मॅनेजरसाहेबांनी हा परत पाठवला. वार, वेळ, किती मिनिटं, मिटींग कोणाची आणि बदल हवा असेल तर कोणाला सांगायचं, हे सगळं त्यातच यायला हवं असं त्यांचं म्हणणं. वार कोणता घ्यावा इथपासून सांगा. आमच्याकडे गूगल कॅलेंडर आहे.

शेंगाचटणी
सोमवार सकाळी नऊ. आठवड्याची सुरुवात, सगळे ताजेतवाने, शनिवारपर्यंत पूर्ण आठवडा हातात. एवढा विचार कशाला?

सातरस्ता
शेंगाचटणी, शनिवारपर्यंत वेळ हातात असावा हे तुमचं बरोबर आहे. पण सोमवारी नऊला बोलायचं कशाच्या आधारावर? रविवारी सुट्टी, शनिवारच्या दुसऱ्या पाळीचे आकडे अजून रजिस्टरमध्येच, आणि शनिवारी कंटेनरमध्ये नेमके किती कार्टन चढले याचा मेळ डिस्पॅच सोमवारी दुपारपर्यंत लावत असतं. अशा वेळी प्रत्येक जण अंदाज सांगतो आणि अंदाजावर ठरलेलं मंगळवारी बदलतं.

वार काढायचा तो मागून मोजत. शनिवारी दुपारी कंटेनर भरायचा, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पॅकिंग आणि तपासणी पूर्ण हवी. एखादी ऑर्डर मागे पडली तर तिला सावरायचे मार्ग कोणते? शिलाईला जादा पाळी लावणं, दुसऱ्या ऑर्डरचा माल पुढे ढकलणं किंवा मर्चंडायझरने बायरकडून थोडा माल पुढच्या कंटेनरमध्ये टाकायची परवानगी मिळवणं. तिन्हींना निदान दोन दिवस लागतात. त्यामुळे गुरुवारी मिटींग घेऊन उपयोग नाही, तोवर फक्त बातमी कळते, करता काहीच येत नाही. उलट मंगळवारी घेतली तर सोमवारचा एकच दिवस धरलेला असतो, आठवडा कसा चाललाय ते दिसत नाही. उरतो बुधवार.

वेळही तशीच काढा. पहिली पाळी सातला सुरू होते. मंगळवारच्या तिन्ही पाळ्यांचे आकडे सुपरवायझर साडेदहापर्यंत देऊ शकतो. ते शीटमध्ये चढायला अर्धा तास, वर थोडी सवड. म्हणजे साडेअकरा. दुपारी अडीच-तीन टाळा, पाळी बदलताना विणकामवाल्याला खात्यातून हलता येत नाही.

ताणाबाणा
हे पटलं. बुधवार साडेअकरा. आता किती वेळ? साहेब म्हणतात एक तास.

मीनल_कु
तास ठेवू नका. कॅलेंडरमध्ये तास टाकला की चर्चा तासभर ताणली जाते, मग विषय तेवढा असो वा नसो.

आधी हिशेब करा. एका वेळी चालू ऑर्डरी किती असतात तुमच्याकडे? समजा चौदा. चौदाही वाचून दाखवायच्या नाहीत. शीटमध्ये प्रत्येक ऑर्डरपुढे ठरलेली तारीख आणि आजच्या गतीने निघणारी तारीख असे दोन रकाने ठेवा. दोन्ही जुळत असतील तर त्या ऑर्डरचं नावही घ्यायचं नाही. साधारण पाच-सहा ऑर्डरी मागे असतात. प्रत्येकीला चार मिनिटं म्हणजे चोवीस. मागच्या बुधवारी ठरलेल्या कामांना पाच. शेवटी काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे मोठ्याने वाचून दाखवायला पाच. चौतीस झाले. चाळीस मिनिटं लावा, साडेअकरा ते बारा दहा.

तासाला आणखी एक अडचण आहे. गूगल मीट फुकटच्या खात्यावर असेल तर तीन किंवा जास्त जणांचा कॉल ६० मिनिटांना बंद होतो. पुण्याचे दोघं ऑनलाइन आहेत, एकोणसाठाव्या मिनिटाला कोण काय करणार हे वाचून दाखवत असताना ते बाहेर पडतील. झूमच्या फुकट खात्यावर तर मर्यादा ४० मिनिटांचीच आहे, तिथे पस्तीस ठेवावी लागतील.

रंगारी
डाइंगवाल्याच्या बाजूने एक गोष्ट. बॅचमध्ये मीठ-सोड्याचं डोसिंग चालू असताना डाइंग मास्तर मशीन सोडून येत नाही आणि त्याने येऊही नये. डोसिंगचा वेग चुकला तर शेड उडते, त्या टॉवेलला पुन्हा रंगवण्यात सगळा दिवस जातो. त्यामुळे 'सर्वांनी हजर राहावे' या ओळीचा आमच्याकडे उपयोग शून्य. एकतर बुधवारी सकाळची बॅच अशी लावायची की साडेअकराला ती धुण्याच्या टप्प्यावर असेल, नाहीतर असिस्टंट येईल असं आधीच लिहून टाका.

सातरस्ता
रंगारी, अगदी योग्य. 'हजर राहावे' ऐवजी नावं दोन गटांत लिहा. ज्यांच्याशिवाय निर्णय होत नाही ते : मॅनेजर, पीपीसी, डिस्पॅच आणि एक मर्चंडायझर. बाकी खात्यांकडून खातेप्रमुख किंवा त्याने नेमलेला माणूस. मात्र नेमलेल्या माणसाला 'होय, शुक्रवारी देतो' म्हणायचा अधिकार हवा. 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणणारा पाठवला तर त्या खात्याची खुर्ची रिकामीच धरायची.

होटगीरोड
चांगला धागा. आमच्या सोसायटीतही हाच गोंधळ असतो, सेक्रेटरी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर मिटींग टाकतात. किती दिवस आधी कळवायला हवं यांनी?

मीनल_कु
होटगीरोड, तो वेगळा मामला आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत ते उपविधींनी बांधलेलं असतं : आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस आणि कमिटीच्या सभेला पूर्ण ३ दिवसांची. तुमच्या संस्थेने स्वीकारलेली प्रत काढून बघा. इथे कारखान्यातल्या मिटींगला तसा कायदा नाही, आपण लिहू तोच नियम. म्हणूनच लिहायला हवा.

कन्ना_चौक
मला हे सगळं जड वाटतंय. नऊ माणसं आहेत. व्हॉट्सॲप ग्रुप करा, आदल्या दिवशी 'उद्या ११.३०' टाका, ज्याला जमत नाही तो तिथेच सांगेल. कॅलेंडर कोण उघडतं कारखान्यात?

सातरस्ता
कन्ना_चौक, ग्रुप असू द्या, आठवण द्यायला उत्तम आहे. पण बदलाची मागणी ग्रुपवर आली की काय होतं बघा. शिलाईवाला मंगळवारी रात्री टाकतो, 'उद्या बाराला ठेवू या का?' दोघं अंगठा दाखवतात. पॅकिंगवाल्याने मेसेज बघितलेला नसतो. पुण्याचे साडेअकराला लिंकवर येऊन बसतात. मिटींग बाराला आहे की साडेअकराला हे कोणीच ठरवलेलं नाही, दोन अंगठे म्हणजे मंजुरी का हेही नाही. सकाळी वीस मेसेज त्याच्यावर.

म्हणून मागणी एका माणसाकडे जायला हवी आणि उत्तर त्यानेच द्यायला हवं. मिटींग कोणाची हे लिहायचं ते यासाठी.

ताणाबाणा
तेच विचारायचं होतं. मालक कोण? निमंत्रण मी पाठवणार, मी पीपीसीत आहे. पण मॅनेजरसाहेब सर्वांत वरिष्ठ.

सातरस्ता
मालक पीपीसी, म्हणजे तुम्ही. आठवड्याची शीट तुमच्याकडे, तारखा तुमच्याकडे, एखाद्या बुधवारी मिटींगची गरज आहे की नाही हे सगळ्यांच्या आधी तुम्हाला कळतं. निर्णय साहेबांचा, पण बोलावणं, हलवणं, रद्द करणं आणि ठरलेलं लिहून पाठवणं तुमचं. साहेबांना मालक केलंत तर ते टूरवर गेले की मिटींग आपोआप बारगळते.

रंगारी
इथे माझं मत वेगळं. पीपीसीच्या मुलाने बोलावलं की विणकामाचे जुने मास्तर येत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे बऱ्याच युनिटांतली. साहेबांच्या नावाने निमंत्रण गेलं की सगळे येतात.

सातरस्ता
ती अडचण खरी आहे, नाकारत नाही. त्यावर तोड म्हणून मजकुरात 'मॅनेजरांच्या सूचनेवरून' अशी ओळ घाला आणि पहिल्या मिटींगला साहेबांनीच सांगावं की बदल फक्त पीपीसीकडे मागायचा. नंतर कोणी थेट साहेबांकडे गेलं तर साहेबांनी त्याला पीपीसीकडेच परत पाठवावं. साहेब परस्पर 'बरं, उद्या घेऊ' म्हणाले तर मालक नावापुरता उरतो.

रंगारी
साहेब तसं करतील का यावर सगळं आलं. मला शंका आहे.

मीनल_कु
कॅलेंडरमधला मालक वेगळा आणि त्याच्याकडे नीट लक्ष द्या. ताणाबाणा, निमंत्रण तुमच्या स्वतःच्या खात्याच्या कॅलेंडरवर बनवलंत तर आयोजक तुम्ही. उद्या तुम्ही नोकरी बदललीत आणि तुमचं खातं काढून टाकलं तर ही सगळी मालिकाच अधांतरी. बाकीच्यांना ती दिसत राहिली तरी हलवता येत नाही, कारण पाहुण्यांना `Modify event` ची परवानगी मुळात बंद असते.

दोन मार्ग आहेत. माणूस जायच्या आधी हाताशी असेल तर त्याने कॉम्प्युटरवर ती मिटींग उघडून `More actions` मधून `Change owner` करायचं, नव्या माणसाला मेल जाते, त्याने ती स्वीकारली की मालकी बदलते. मोबाइल ॲपच्या भरवशावर राहू नका.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. 'प्रॉडक्शन आढावा' नावाचं वेगळं कॅलेंडर बनवा, तुम्हाला आणि तुमच्या बदली माणसाला त्यावर `Make changes to events` द्या, आणि मिटींग त्या कॅलेंडरवर लावा. तुम्ही रजेवर असलात तरी दुसरा हलवू शकतो. आउटलुक वापरणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवा, तिथे आयोजक बदलता येत नाही, जुनी मालिका रद्द करून नव्या माणसाने नवीन लावावी लागते.

डेक्कनवाली_मेधा
ताणाबाणा म्हणतात त्या पुण्याच्या दोन मर्चंडायझरांपैकी मी एक. दोन विनंत्या. लिंक दर आठवड्याला नवी पाठवू नका, मालिकेला एकदाच मीट जोडलं की सगळ्या बुधवारी तीच लिंक चालते. आणि शीट मिटींगच्या आधी अर्धा तास तरी मिळू दे. बायरला काय विचारायचं ते बघून ठेवता येतं.

शिवाय एक प्रश्न. आमचा जर्मनीचा बायर म्हणतो मीही दर बुधवारी पहिली दहा मिनिटं येतो. साडेअकरा म्हणजे त्याच्याकडे सकाळचे आठ, त्याला चालतं. मग कायमचं घालू का त्याला?

सातरस्ता
नको. ऑक्टोबरात फसाल. आपलं घड्याळ वर्षभर एकच, त्यांचं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. यंदा २५ ऑक्टोबरला त्यांचं घड्याळ एक तास मागे जाईल. म्हणजे २८ ऑक्टोबरच्या बुधवारी आपले साडेअकरा म्हणजे त्यांच्याकडे सकाळचे सात. मालिका भारतीय वेळेला बांधलेली असल्यामुळे त्याच्या कॅलेंडरवर मिटींग आपोआप सातवर सरकेल आणि तो म्हणेल तुम्ही न सांगता वेळ बदललीत. अमेरिकेचा बायर असेल तर त्यांचा बदल आणखी वेगळ्या रविवारी होतो, यंदा १ नोव्हेंबरला.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बायरसमोर विणकाम आणि डाइंग एकमेकांना खरं सांगणार नाहीत. मागे किती आहोत हे त्या चाळीस मिनिटांत उघड बोललं गेलंच पाहिजे. बायरचा कॉल वेगळा ठेवा, गुरुवारी.

डेक्कनवाली_मेधा
हो, हे पटतंय. गुरुवारी घेते, दुपारी अडीच. उन्हाळ्यात त्याचे अकरा, हिवाळ्यात दहा, दोन्ही चालतात.

शेंगाचटणी
दर आठवड्याला कशाला, पंधरा दिवसांनी घेतली तर नाही का चालणार? निम्मा वेळ वाचेल.

मीनल_कु
कंटेनर दर शनिवारी जातो, म्हणून इथे नाही चालणार. ज्यांना पंधरवड्याची हवी त्यांनी एक खबरदारी घ्यावी. 'दर दोन आठवड्यांनी' आणि 'पहिल्या-तिसऱ्या बुधवारी' हे दोन्ही वेगळे आहेत. १ जुलैपासून दर दोन आठवड्यांनी लावलीत तर १, १५ आणि २९ जुलै, मग १२ आणि २६ ऑगस्ट. पहिला-तिसरा म्हणाल तर १ आणि १५ जुलै, मग ५ आणि १९ ऑगस्ट. जुलैत पाच बुधवार असल्यामुळे पहिल्याच महिन्यात फाटा फुटतो. निम्मे लोक एक धरून बसतात, निम्मे दुसरं.

ताणाबाणा
दर बुधवारच ठेवतो. शेवटची तारीख टाकायची का? गूगल `Never` दाखवतंय.

मीनल_कु
`Never` ठेवू नका. `After` निवडून २६ टाका. १ जुलैपासून सव्विसावा बुधवार २३ डिसेंबरला येतो. त्याच्या पंधरा दिवस आधी बसून ठरवा की पुढे चालवायची का, वेळ तीच का, माणसं तीच का. शेवट नसलेली मालिका कोणी तपासत नाही, सोडून गेलेल्या माणसांची नावंही तिच्यात वर्षानुवर्षं राहतात. कोणाला दुसऱ्या प्रणालीत भरायची असेल तर नियम एवढाच :

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260701T113000
DURATION:PT40M
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=WE;COUNT=26
```

कन्ना_चौक
सुट्ट्या बघितल्यात का त्या सव्वीसमध्ये?

सातरस्ता
चांगला प्रश्न. ११ नोव्हेंबरला बुधवारी भाऊबीज आहे, ती आत्ताच काढून टाका. २६ ऑगस्टला ईद-ए-मिलाद धरली आहे, चंद्रदर्शनावर एखादा दिवस इकडेतिकडे होईल. आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी २८ ला नारळी पौर्णिमा. त्याच दिवशी मार्कंडेय रथोत्सव असतो, तेव्हा पूर्व भागातले विणकर कामावर येत नाहीत, पॅकिंगलाही माणसं कमी असतात. म्हणजे त्या आठवड्यात बुधवार आणि शुक्रवार दोन्ही हातचे जाणार. बुधवारची मिटींग रद्द करून भागणार नाही, ती सोमवारी २४ तारखेला आणावी लागेल. त्या दिवशी सोमवारचे अपुरे आकडे चालवून घ्यायचे, पर्याय नाही.

कन्ना_चौक
हे बरं झालं. रथोत्सवाचा आठवडा दरवर्षी घोळ घालतो.

मीनल_कु
ते २४ ऑगस्टला हलवताना गूगल तीन पर्याय विचारतं, तिथे सावध राहा. `This event` निवडलं तर तेवढाच बुधवार हलतो, आपल्याला तेच हवं. `This and following events` निवडलं तर तिथून पुढचे सगळे सोमवारी जातात. `All events` म्हणजे पूर्ण मालिका.

खरा सापळा नंतरचा आहे. समजा भाऊबीजेची ११ नोव्हेंबरची मिटींग तुम्ही जुलैतच काढून टाकलीत. ऑक्टोबरमध्ये सगळ्यांच्या संमतीने वेळ बाराची केलीत, `This and following events` वापरून. गूगल जुनी मालिका तिथे तोडतं आणि पुढे नवी सुरू करतं, आणि त्या तारखेनंतर केलेले सुटे फेरफार पुसले जातात. म्हणजे काढलेली ११ नोव्हेंबर परत उगवते. भाऊबीजेच्या सकाळी नऊ जणांच्या फोनवर मिटींगची घंटा वाजते. कायमचा बदल केला की पुढच्या सगळ्या तारखा एकदा डोळ्यांखालून घाला.

ताणाबाणा
बदलाची मागणी कशी करायची तेवढं राहिलं. गूगलमध्ये `Propose a new time` आहे, तेच वापरा म्हणू का?

मीनल_कु
पुण्याच्या दोघींना म्हणा. डाइंग मास्तर आणि पॅकिंगवाला मेल उघडत नाहीत, त्यांना ते बटण सापडणार नाही. आणि ते बटण एका दिवसाच्या बदलापुरतं धरा. दर बुधवारची वेळच बदलायची असेल तर बोलूनच ठरवायला हवं. आउटलुकमध्ये तर पूर्ण मालिकेसाठी नवी वेळ सुचवताच येत नाही.

सातरस्ता
एक दिवसाचा बदल आणि कायमचा बदल, दोघांचे मार्ग वेगळे लिहा, सगळी गडबड ते एकत्र केल्यामुळे होते.

एका दिवसाचा : मंगळवारी दुपारी एकपर्यंत पीपीसीला फोन किंवा मेसेज, ग्रुपवर नाही. कारण आणि दुसरी वेळ दोन्ही सांगायचं. पीपीसी चारपर्यंत हो किंवा नाही कळवणार. चारपर्यंत काही आलं नाही तर मिटींग ठरल्या वेळी. एकची मुदत यासाठी की शिलाईवाला आणि पॅकिंगवाला तीनला पाळी संपवून जातात, त्यांना त्याआधी विचारून घ्यायला दोन तास मिळतात. आणि बदल मंजूर झाला तर नवी वेळ बुधवारपलीकडे न्यायची नाही, नाहीतर शनिवारला काही अर्थ उरत नाही. त्यापेक्षा त्या खात्याचा आकडा शीटवर घेऊन त्याच्याशिवाय मिटींग करा.

कायमचा : मिटींगमध्येच शेवटच्या पाच मिनिटांत मांडायचा. ज्यांच्याशिवाय निर्णय होत नाही त्या चौघांना मान्य असेल तर एक बुधवार सोडून त्याच्या पुढच्या बुधवारपासून लागू. मधला बुधवार जुन्याच वेळेला. लगेच लागू केलं की त्या दिवशी गैरहजर असलेला माणूस जुन्या वेळेला येतो.

रंगारी
मंगळवारी एकला मला बुधवारची बॅच कशी लागेल ते माहीत नसतं. ग्रे कापड विणकामातून संध्याकाळी येतं, शेड त्यानंतर लागते.

सातरस्ता
तुमच्यासाठी मुदत वाढवली तर सगळे संध्याकाळी मागतील. तुम्ही वेळ बदलून मागू नका, असिस्टंट येईल एवढंच बुधवारी सकाळी दहापर्यंत कळवा. बदली माणूस पाठवायला कोणाची परवानगी लागू नये.

रंगारी
असिस्टंटला शेड कधी पास होईल ते सांगता येत नाही. पण ठीक आहे, फोनवर मला विचारता येईल.

ताणाबाणा
सगळ्यांचं घेऊन मजकूर असा केलाय :

> साप्ताहिक ऑर्डर आढावा (मॅनेजरांच्या सूचनेवरून)
> दर बुधवारी, सकाळी ११.३० ते १२.१०. १ जुलै ते २३ डिसेंबर २०२६.
> अपवाद : २६ ऑगस्टची मिटींग सोमवार २४ ऑगस्टला, त्याच वेळी. ११ नोव्हेंबरला मिटींग नाही.
> जागा : प्लँट ऑफिस. पुण्याहून येणाऱ्यांसाठी याच निमंत्रणातली लिंक, दर आठवड्याला तीच.
> मालक : पीपीसी. ते रजेवर असतील तर स्टोअर.
> यायलाच हवं : मॅनेजर, पीपीसी, डिस्पॅच, एक मर्चंडायझर. विणकाम, डाइंग, शिलाई, स्टोअर यांनी स्वतः यावं किंवा तारीख देऊ शकेल असा माणूस पाठवावा. बदली माणसाचं नाव बुधवारी १० पर्यंत.
> शीट : ११ वाजता सर्वांना. फक्त मागे पडलेल्या ऑर्डरींवर बोलायचं.
> एका दिवसाचा बदल : मंगळवारी दुपारी १ पर्यंत पीपीसीला फोन, कारण आणि दुसरी वेळ सांगून. उत्तर ४ पर्यंत. उत्तर नाही तर वेळ ठरलेलीच.
> कायमचा बदल : मिटींगच्या शेवटी मांडावा. मान्य झाला तर एक बुधवार सोडून लागू.

मीनल_कु
छान झालंय. दोन दुरुस्त्या. 'रजेवर असतील तर स्टोअर' असं लिहिलंय, पण स्टोअरवाल्याला त्या कॅलेंडरवर बदल करायची परवानगी दिलीत का? नसेल तर तो हो म्हणेल आणि कॅलेंडर जुनीच वेळ दाखवत राहील. आणि आधीच्या आठवणीची घंटा प्रत्येकाच्या स्वतःच्या सेटिंगप्रमाणे वाजते, तुम्ही लावलेली दुसऱ्याला लागू होत नाही. म्हणून मंगळवारी सकाळी अकराला ग्रुपवर एक ओळ टाका : 'उद्या ११.३०. बदल हवा असेल तर १ पर्यंत मला फोन.' कन्ना_चौक यांचा ग्रुप तिथे कामाला येतो.

कन्ना_चौक
आणि हा कागद छापून टाइम ऑफिसच्या बोर्डावर लावा. मेल न उघडणारे तिथेच वाचतात. बदल झाला की बोर्डावरचा कागदही बदला, नाहीतर जुनाच वर्षभर लटकतो.

डेक्कनवाली_मेधा
'एक मर्चंडायझर' लिहिलंय, दोघींपैकी कोण हे कोण ठरवणार? दोघींच्या ऑर्डरी वेगळ्या आहेत. माझी ऑर्डर मागे असेल आणि त्या दिवशी दुसरी आली तर तिला काहीच सांगता येणार नाही.

ताणाबाणा
हे ध्यानात आलं नव्हतं. शीट अकराला येते, त्यात जिची ऑर्डर मागे ती येणार असं केलं तर?

डेक्कनवाली_मेधा
अकराला कळून साडेअकराला बसणं अवघड जातं, त्या वेळी बायरचे मेल चालू असतात. मंगळवारी पाचला कच्ची यादी पाठवू शकाल का? फक्त ऑर्डर नंबर, आकडे नकोत.

ताणाबाणा
नंबर पाचला देऊ शकतो. रात्रपाळीत एखादी नवी ऑर्डर मागे पडली तर ती अकराच्या शीटमध्येच दिसेल.

डेक्कनवाली_मेधा
चालेल. तेवढ्यासाठी मी फोन चालू ठेवते.